पाणी हिरवंगार, पोट भरलेलं, तरी डाफ्निया वाढत नाहीत. असं का?

ओंकार_ठाणे
गच्चीवर शंभर लिटरच्या टबात डाफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक कवचधारी जीव, वाढवतो, गप्पी आणि फायटरच्या पिल्लांना खाऊ म्हणून. टब सुरू केला तेव्हा माशांच्या टँकमधलं जुनं पाणी भरलं होतं. पहिले काही आठवडे डाफ्निया इतक्या झाल्या की रोज जाळीने काढूनही संपत नव्हत्या. नंतर पाणी कमी झालं की पावसाचं साठवलेलं पाणी घालत गेलो. टबला दिवसभर ऊन असतं. पाणी आता पूर्वीपेक्षाही हिरवं आहे, म्हणजे खाद्य भरपूर. पण डाफ्निया लहान राहतात, अंडी कमी धरतात आणि संख्या वाढतच नाही. खाद्य वाढलं आणि खाणारे खंगले, हे मला समजत नाहीये. कुणाला असा अनुभव आहे का?

अनघा_नाशिक
हिरव्या पाण्यावर यूव्ही फिल्टर हा सगळ्यात सोपा उपाय आहे. माझ्या तीन फुटी टँकचं पाणी आठवड्याभरात काचेसारखं झालं. ऊन थेट पडू देऊ नका, खाणं कमी टाका.

ओंकार_ठाणे
अनघाताई, धन्यवाद, पण मला हिरवं पाणी घालवायचं नाहीये. डाफ्निया तेच खातात. पाणी स्वच्छ झालं तर त्या उपाशी मरतील.

अनघा_नाशिक
अच्छा, म्हणजे हिरवं पाणी हेच पीक! मग माझा सल्ला उलटा धरा. :)

केमिस्ट्रीवाला
उत्तर सरळ आहे. वाढ म्हणजे प्रथिनं, आणि प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. पशुखाद्याच्या पिशवीवर प्रथिनाचा आकडा असतो तोही नायट्रोजन मोजून, ६.२५ ने गुणून काढलेला असतो. पावसाच्या पाण्यात नायट्रोजन नगण्य, म्हणून शैवालात प्रथिन कमी. टबात चिमूटभर युरिया टाका.

जलरेखा
ओंकार, युरिया टाकण्याआधी थोडं थांबा. आधी भिंगाखाली दोन-चार डाफ्निया बघून तीन गोष्टी सांगाल? आतडं हिरवं भरलेलं दिसतं की रिकामं? अंगात पिवळसर-नारिंगी तेलाचे थेंब आहेत का? आणि पाठीवरच्या पिशवीत अंडी किती आहेत?

मी डाफ्नियावर काम करते. भुकेली डाफ्निया आणि चुकीचं खाणं खाल्लेली डाफ्निया या दोघीही वाढत नाहीत, पण त्या दिसतात वेगळ्या.

ओंकार_ठाणे
मोबाईलला क्लिप लेन्स लावून पाहिलं. आतडं गच्च हिरवं. तेलाचे थेंब आहेत, मोठे आणि स्पष्ट. मोठ्या माद्यांमध्येसुद्धा एखाद-दुसरंच अंडं, बऱ्याच रिकाम्या.

जलरेखा
मग त्या उपाशी नाहीत. भुकेल्या डाफ्नियाचं आतडं फिकट असतं आणि तेलाचे थेंब नसतात, कारण साठवलेली चरबी आधी वापरली जाते. तुमच्या डाफ्नियांकडे ऊर्जा शिल्लक आहे आणि तरी अंगाची वाढ होत नाही. वाढायला लागणारं दुसरं काहीतरी कमी पडतंय. तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून माझा पहिला संशय फॉस्फरसवर आहे.

डाफ्नियाच्या सुक्या वजनात साधारण दीड टक्का फॉस्फरस असतो. एवढ्याशा प्राण्यासाठी हे फार जास्त आहे. त्यातला मोठा भाग हाडा-कवचात नसून आरएनएमध्ये असतो. झपाट्याने वाढणाऱ्या जिवाला पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे ढीग लागतात, रायबोसोमचा निम्मा-अधिक भाग आरएनए, आणि आरएनएच्या वजनात सुमारे नऊ टक्के फॉस्फरस. म्हणून जी जात वेगाने वाढते तिचं अंग फॉस्फरसने श्रीमंत असतं आणि तिचं खाणंही तसंच लागतं.

आता हिशेब बघा. वजन नको, अणू मोजू. डाफ्नियाच्या अंगात एका फॉस्फरसमागे साधारण ८० कार्बन. तिने खाल्लेला सगळा कार्बन अंगी लागत नाही. श्वासात, हालचालीत, विष्ठेत बराच जातो. अगदी उत्तम परिस्थितीत शंभरातले तीसेक अंगी लागतात असं धरू.

शैवालात १०० कार्बनमागे १ फॉस्फरस असेल, तर १०० पैकी ३० कार्बन अंगाला लागतील आणि त्यासाठी फॉस्फरस लागेल ३० भागिले ८०, म्हणजे ०.३८ च्या आसपास. उरलेला ती पाण्यात परत टाकते. शैवाल ४०० कार्बनला १ फॉस्फरस असं असेल, तर कार्बनच्या हिशेबाने १२० अंगी लागले असते, पण त्याला दीड फॉस्फरस हवा आणि हातात आहे एकच. एका फॉस्फरसवर ८० कार्बनचंच अंग बनतं. म्हणजे तीस टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर. शैवाल ८०० ला १ झालं की दहा टक्के. पोट तितकंच भरलेलं, वाढ एक तृतीयांश.

दोन्ही बाजू जिथे बरोबरीला येतात ती सीमा ८० भागिले ०.३, सुमारे २६७. प्रयोगांमध्ये डाफ्नियासाठी साधारण २०० ते ३०० च्या दरम्यान ती सापडते. त्यापलीकडचा कार्बन तिला नकोसा असतो. ती तो जास्त श्वसनाने जाळते, विरघळलेल्या रूपात बाहेर टाकते, काही तेल म्हणून साठवते. तुम्हाला दिसलेले थेंब बहुधा तेच.

केमिस्ट्रीवाला
इथे मला आकडा जुळत नाही. अंगात दीड टक्का फॉस्फरस आणि समजा ४५ टक्के कार्बन, तर गुणोत्तर ३० येतं, ८० नाही. शिवाय शैवालात कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसचं प्रमाण १०६:१६:१ असं ठरलेलं आहे, समुद्रशास्त्रज्ञ रेडफिल्डने मांडलेलं. ते कायम असेल तर तुमच्या सीमेच्या कितीतरी आत आहे. मग फॉस्फरस कमी पडेलच कसा?

जलरेखा
३० हे वजनाचं गुणोत्तर, ८० हे अणूंचं. फॉस्फरसचा अणू ३१, कार्बनचा १२. त्यामुळे ३० ला ३१/१२ ने गुणलं की ७८ येतात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एका वाक्यात मिसळायचे नाहीत. वजनात सांगायचं तर आपली २६७ ची सीमा सुमारे १०३ होते. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये येतो आणि शोधनिबंध अणूंमध्ये बोलतो. तिथे हे न बदलता तुलना केली की अडीच पटीचा फरक पडतो.

रेडफिल्डचं म्हणाल, तर १९३४ मध्ये त्याने जे दाखवलं ते समुद्राच्या पाण्याबद्दल आणि तिथल्या प्लवकांबद्दल होतं, तेही सरासरी म्हणून. एकेक शैवाल पेशी त्या आकड्याला बांधलेली नाही. तिच्याजवळ ऊन असेल आणि फॉस्फरस नसेल तर ती कार्बन धरतच राहते, पिष्ट आणि तेल साठवते. मग गोड्या पाण्यात ५००, ८००, कधी हजारावरही गुणोत्तर जातं. प्राणी मात्र तसा लवचीक नाही. डाफ्नियाचं अंग थोडं सरकतं, पण खाणं दहापट बदललं म्हणून अंग दहापट बदलत नाही. हा सगळा विषय या एका विसंगतीवर उभा आहे: वनस्पतीची घडण सैल, प्राण्याची घट्ट.

निखिल_व
म्हणजे ऊन जास्त झालं म्हणून डाफ्निया कमी? हे पचायला जड आहे. ऊन वाढलं की अन्न वाढतं, हे तर शाळेतलं.

जलरेखा
निखिल, हेच तपासून पाहिलं आहे. १९९६ मध्ये उराबे आणि स्टर्नर यांनी एकाच जातीचं हिरवं शैवाल वेगवेगळ्या प्रकाशात वाढवून डाफ्नियाला दिलं. प्रकाश वाढत गेला तशी डाफ्नियाची वाढ आधी वाढली आणि मग एका टप्प्यानंतर घसरली, शैवाल मात्र वाढतच होतं. कमी प्रकाशात खाणं कमी पण चांगलं, जास्त प्रकाशात खाणं भरपूर पण फॉस्फरसने विरळ.

ओंकारच्या टबात आणखी एक गोष्ट घडली आहे. कार्बन हवेतून फुकट येतो आणि ऊन तो बांधतं. फॉस्फरस मात्र हवेतून येत नाही, टबात होता तो माशांच्या जुन्या पाण्याबरोबर आलेला. तो कुठे गेला? जाळीतून गेला. दहा ग्रॅम ओल्या डाफ्नियात सुकं वजन अर्धा-पाऊण ग्रॅम, म्हणजे फॉस्फरस आठ-दहा मिलिग्रॅम. शंभर लिटर टबात एकूण फॉस्फरसच दहा-वीस मिलिग्रॅमच्या घरात असू शकतो. रोज काढायचं आणि वर पावसाचं पाणी घालायचं, यात टब रिकामा होत गेला. पाण्याचा रंग मात्र उलट गडद होत गेला, म्हणून लक्षात आलं नाही.

ओंकार_ठाणे
हे मला एकदम पटलं. सगळ्यात चांगल्या दिवसांत मी सगळ्यात जास्त काढत होतो.

बापू_कराड
मला डाफ्निया म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण हिशेब ओळखीचा वाटला. आम्ही खोडव्यात पाचट जाळत नाही, सरीत दाबतो. नुसतं दाबलं की ऊस महिना-दीड महिना पिवळा दिसतो. म्हणून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर आणि किलोभर जिवाणू टाकायचे असं सांगतात, तसं करतो. मी आजवर समजत होतो की युरिया पाचटाला मऊ करतो. तुमचं वाचून वाटतंय की तिथलेही खाणारे कोणीतरी उपाशी आहेत.

जलरेखा
बापू, अगदी तेच. तिथे खाणारे म्हणजे बुरशी आणि जिवाणू. त्यांच्या अंगात एका नायट्रोजनमागे साधारण आठ-दहा कार्बन (वजनाने). पाचटात एका नायट्रोजनमागे ऐंशी-शंभर. एवढा कार्बन खायचा तर नायट्रोजन बाहेरून, म्हणजे मातीतून ओढावा लागतो. उसाच्या मुळांच्या वाट्याचा नायट्रोजन ते घेतात आणि ऊस पिवळा पडतो. कार्बन श्वासाने उडत गेला की गुणोत्तर पंचवीस-वीसच्या खाली येतं आणि मग तोच नायट्रोजन ते परत सोडू लागतात.

तुमच्या आठ किलो युरियात नायट्रोजन पावणेचार किलोच्या आसपास. टनभर पाचटात आधीच चार-पाच किलो असतो. म्हणजे गुणोत्तर शंभरावरून पन्नासच्या घरात येतं, पंचवीसवर नाही. पुढचं अंतर वेळ आणि श्वसन भरून काढतात. तिथे नायट्रोजन आधी संपतो, टबात फॉस्फरस. कोणतं तत्त्व आधी संपणार हे खाणारा कोण आणि ताटात काय, या दोन्हींवर ठरतं.

बापू_कराड
आता शेजाऱ्याला समजावता येईल. तो म्हणतो युरिया पाचटावर वाया जातो.

विक्रम_मिशिगन
जलरेखा यांनी "उरलेला पाण्यात परत टाकते" असं एका ओळीत म्हटलं, त्यावर थोडं सांगतो, कारण मी राहतो त्या राज्याच्या उत्तरेला याचा प्रसिद्ध प्रयोग झाला. ट्युसडे लेक आणि पीटर लेक अशी दोन छोटी तळी आहेत. १९८५ मध्ये कारपेंटर आणि किचेल यांच्या गटाने दोन्ही तळ्यांतले मासे अदलाबदल केले. ट्युसडे तळ्यात बारीक मासे होते, ते पीटरमध्ये नेले. त्यांच्या जागी पीटरमधले बास आणून सोडले. बास लहान मासे खातात, लहान मासे मोठ्या डाफ्निया खातात. लहान मासे गेले आणि डाफ्निया वाढल्या.

इथवर अन्नसाखळी. पण जिम एल्सर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शैवालाला कशाची टंचाई आहे हे बाटल्यांमध्ये नायट्रोजन, फॉस्फरस वेगवेगळे घालून तपासलं. पाण्यात डाफ्नियाचं राज्य असताना शैवाल फॉस्फरससाठी अडलं होतं, कोपेपॉड या दुसऱ्या बारीक कवचधारी जीवांचं राज्य असताना नायट्रोजनसाठी. १९८८ मध्ये हे छापून आलं.

गणित साधं आहे. शैवाल ४०० कार्बन, ४० नायट्रोजन, १ फॉस्फरस असं धरा. डाफ्नियाला ८०, १४, १ हवेत. ती फॉस्फरस सगळा ठेवते, १४ नायट्रोजन ठेवते आणि २६ नायट्रोजन पाण्यात सोडते. पाण्याला परत मिळतो तो जवळपास नुसता नायट्रोजन. कोपेपॉडच्या अंगात एका फॉस्फरसमागे नायट्रोजन तीस किंवा जास्त. तो नायट्रोजन धरून ठेवतो आणि चांगल्या खाण्यावर फॉस्फरस सोडतो. तळं तेच, खाणारा बदलला, की शैवालाची टंचाई बदलते.

सदाशिव_जोशी
विक्रम, फार छान समजावलंत. मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली. मग प्रश्न असा की शहराशेजारच्या आमच्या तलावांत डाफ्निया सोडल्या आणि बारीक मासे काढले तर जलपर्णी आणि हिरवा तवंग जाईल का?

विक्रम_मिशिगन
सदाशिवकाका, सांडपाणी येणाऱ्या तलावात मला तसं वाटत नाही. ट्युसडे लेक पोषणाच्या बाबतीत गरीब, आजूबाजूला जंगल. सांडपाण्याबरोबर फॉस्फरस इतका येतो की शैवालाचं गुणोत्तर शंभरच्या आसपासच राहतं. तिथे डाफ्नियाला फॉस्फरसचा प्रश्न नाही. प्रश्न असा की तिथे निळं-हिरवं शैवाल माजतं. त्याचे धागे आणि गोळे तिला गिळता येत नाहीत आणि त्यात तिला लागणारे स्टेरॉलही नाहीत. कॅनडातल्या ऑन्टारियोमध्ये १९७३ पासून शिंडलरने एक तळं पडदा घालून दुभागलं होतं. दोन्ही बाजूंना कार्बन-नायट्रोजन आणि एकाच बाजूला शिवाय फॉस्फरस. माजलं ते फॉस्फरसच्या बाजूला. तुमच्या तलावात काम येणारा फॉस्फरस अडवण्याचं आहे.

सदाशिव_जोशी
म्हणजे मैलापाण्याचा नळ बंद केल्याशिवाय मार्ग नाही. आम्ही नोकरीत हेच लिहून लिहून फायली भरल्या.

ओंकार_ठाणे
मूळ मुद्द्यावर येतो. मी फॉस्फरस टाकू का, आणि किती? दुकानात ०-५२-३४ मिळतं. शिवाय जलरेखा यांनी "संशय" म्हटलंय, तर खात्री कशी करायची?

जलरेखा
थेट टबात नको. टबात टाकलात तर शैवाल वाढेल, पाणी बदलेल आणि फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

दोन बरण्यांत तेच हिरवं पाणी घ्या, डाफ्निया गाळून. एकीत थोडा फॉस्फेट घाला, दुसरीत काही नाही. दोन्ही सावलीत काही तास ठेवा. फॉस्फरसला भुकेलं शैवाल तो फार वेगाने शोषतं, आणि सावलीत असल्याने तेवढ्यात संख्या मात्र फारशी वाढत नाही. म्हणजे दोन्ही बरण्यांत खाण्याचं प्रमाण जवळपास सारखं आणि दर्जा वेगळा. मग दोन्हींत एकाच वयाची, एवढीशी पिल्लं मोजून सोडा, खाणं रोज असंच ताजं तयार करून बदला. पहिली अंडी कधी येतात आणि किती, ते बघा. फॉस्फेटवाल्या बरणीत लवकर आणि जास्त आली तर संशय खरा. दोन्ही सारख्या मरगळल्या तर कारण दुसरं आहे.

प्रमाण: गडद हिरव्या पाण्यात लिटरला दहा मिलिग्रॅम कार्बन धरा. गुणोत्तर ६०० असेल तर त्यात फॉस्फरस ०.०४ मिलिग्रॅम. ते १५० वर आणायला साधारण ०.१३ मिलिग्रॅम आणखी हवा. ०-५२-३४ मध्ये शुद्ध फॉस्फरस २३ टक्क्यांच्या जवळ (पिशवीवरचा ५२ हा आकडा ऑक्साइडचा असतो), म्हणजे लिटरला ०.६ मिलिग्रॅम खत. एवढं वजन घरी होत नाही, म्हणून एक ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवा आणि बरणीत लिटरला अर्धा मिलिलिटरच्या किंचित वर घाला. पुढे टबात टाकायचं ठरलं तरी शंभर लिटरला त्या द्रावणाचे ६० मिलिलिटर पुरतात. चिमटीने टाकलंत तर सहज वीसपट होईल. फॉस्फरस फार जास्त झालेल्या खाण्यावरही डाफ्नियाची वाढ थोडी घटलेली दिसते.

केमिस्ट्रीवाला
आणि युरिया?

जलरेखा
वरच्या ४००:४०:१ च्या शैवालात विक्रम यांनी दाखवलं तसं २६ नायट्रोजन वायाच जातो. अशा टबात युरिया घातला तर जे उरतं तेच वाढेल. त्यातून अमोनिया तयार होईल, आणि उन्हात हिरव्या पाण्याचा सामू चढलेला असतो तेव्हा तो जास्त विषारी. अर्थात ओंकारच्या शैवालात नायट्रोजन किती हे कुणी मोजलेलं नाही. तिसरी बरणी नायट्रेटची ठेवली तर तुमचंही म्हणणं तपासलं जाईल.

कीर्ती_देसाई
जलरेखा, बरणीच्या प्रयोगावर माझी एक शंका. मी मत्स्यबीज केंद्रात आहे. फॉस्फरस कमी असलेल्या शैवालाची भित्तिका जाड होते आणि पेशी न पचताच आतड्यातून पार होतात, असंही पाहिलं गेलंय. शिवाय लांब साखळीची मेदाम्लं डाफ्निया स्वतः पुरेशी बनवू शकत नाही, आणि हिरव्या शैवालात ती कमीच. मग वाढ थांबली ती फॉस्फरसमुळे, पचनामुळे की मेदाम्लांमुळे, हे कसं वेगळं काढणार? आमच्याकडे थोडं डायटम, म्हणजे तपकिरी रंगाचं सूक्ष्म शैवाल, मिसळलं की कल्चर सावरतं, फॉस्फेट न टाकता.

जलरेखा
कीर्ती, म्हणूनच काही तासच म्हटलं. तेवढ्यात पेशीची भित्तिका किंवा मेदाम्लं फारशी बदलत नाहीत, फॉस्फरस बदलतो. तेवढ्यावर वाढ सुधारली तर निदान काही भाग थेट फॉस्फरसचा. पण सुधारणा अर्धवट राहिली तर उरलेला भाग तुम्ही म्हणता त्यातला असू शकतो. गुणोत्तर ३०० च्या खाली असलेल्या पाण्यात मीही मेदाम्लांकडे आधी बघेन. दोन्ही टंचाया एकत्र असताना कोणती किती, यावर आमच्या क्षेत्रात अजून एकमत नाही.

कीर्ती_देसाई
तर मग चौथी बरणी डायटमची. ओंकार, जमलं तर ठेवाच.

ओंकार_ठाणे
चार बरण्या लावतो. साधी, फॉस्फेट, नायट्रेट, डायटम. डायटम कुठून मिळेल ते कीर्ती यांनी सांगावं. आणि टबातून सध्या काढणं थांबवलं आहे, वर पावसाच्या पाण्याऐवजी गप्पींच्या टँकचं पाणी घालतोय.

कीर्ती_देसाई
टँकच्या काचेवर तपकिरी थर धरतो ना, तो बऱ्याचदा डायटमचाच असतो. ब्रशने खरवडून गाळून वापरा. शुद्ध कल्चर नाही, पण बरणीपुरतं चालेल.

अनघा_नाशिक
तो थर मी दर रविवारी पुसून फेकते. ठाण्याला पाठवायचा असेल तर सांगा!